१६ सेलचा पॅक ७१ एएचलाच बंद पडतो: अ‍ॅक्टिव्ह बॅलन्सर लावल्यावर उलट कमी झालं

पाणवठा (धागाकर्ता)

माझा एलएफपी पॅक आहे, १६ सेल एका ओळीत, प्रत्येकावर १०० एएच लिहिलेलं. दिवसा साधारण दोन तास ४० अँपिअरने चार्ज होतो आणि रात्रभर ८ अँपिअरच्या आसपास भार असतो. पॅक तीन वर्षं जुना आहे.

दोन महिन्यांपूर्वी २० अँपिअरवर मोजणी केली तेव्हा ७८ एएच मिळाले. बीएमएसमध्ये पॅसिव्ह बॅलन्सिंग आहे, पण जेमतेम १०० मिलिअँपिअरचं. त्याने काही होत नसणार असं वाटलं, म्हणून ५ अँपिअरचा कपॅसिटरवाला अ‍ॅक्टिव्ह बॅलन्सर घेतला आणि कायम जोडून ठेवला. तीन आठवड्यांनी पुन्हा मोजलं तर ७१ एएच! वाढायचं सोडून कमी झालं.

चार्ज थांबतो त्या क्षणी स्क्रीनवर हे दिसतं:

```
C04   3.652
C11   3.366
delta 0.286
```

आणि डिस्चार्जच्या शेवटी मी समोर बसून पाहिलं. बाकीचे १५ सेल ३.२च्या वर निवांत होते. ११ नंबर ३.१ला आला, मग ३.०ला, आणि तिथून दोन-तीन मिनिटांत थेट २.५. बीएमएसने तोडलं तेव्हा पडद्यावर २९ टक्के शिल्लक दाखवत होतं.

४ नंबर सगळ्यांत आधी भरतो, म्हणजे तो सगळ्यांत दमदार सेल, बरोबर? आणि ११ मेलाय असं समजायचं का?

---

साधासरळ

पॅकचं एकूण व्होल्टेज किती दाखवतं? चार्ज संपताना ५४च्या पुढे असेल तर पॅक भरलाय. मग दोष बॅटरीत नाही, भारात आहे. रात्रीचा भार तपासा, काहीतरी जास्त खात असेल.

---

पाणवठा

एकूण ५४.४ दाखवतं. पण भार मी वेगळ्या मीटरवर मोजलाय, ७१ हा आकडा त्या मीटरचाच आहे.

---

अबोली

एकूण व्होल्टेजवर जाऊ नका. १५ सेल अर्धवट आणि एक काठोकाठ असला तरी बेरीज चांगली दिसते. ओळीतल्या सोळाही सेलमधून करंट तोच जातो. त्यामुळे चार्ज करताना जो पहिला भरेल तो सगळ्यांना थांबवतो आणि वापरताना जो पहिला रिकामा होईल तो सगळ्यांना थांबवतो. तुमच्याकडे ही दोन कामं दोन वेगवेगळे सेल करताहेत, वर ४ आणि खाली ११. सगळं निदान इथून सुरू होतं.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आधी भरणारा सेल दमदार असेलच असं नाही. दोन टाक्यांत सारख्याच धारेने पाणी सोडलं तर आधी भरते ती एकतर लहान असते किंवा तिच्यात आधीपासून पाणी जास्त असतं. ४ नंबर फक्त पुढे आहे, आणि ११ मागे पडलाय. तो मेलाय की नाही हे अजून आपल्याला माहीत नाही. मागे पडणं वेगळं आणि लहान होणं वेगळं. मागे पडलेला सेल भरून काढता येतो. लहान झालेला सेल कुठल्याही बॅलन्सरने मोठा होत नाही.

तुमच्या ७१मध्ये या दोन्ही गोष्टी मिसळलेल्या असू शकतात. त्या वेगळ्या करायची सोपी रीत आहे, ती संध्याकाळी सविस्तर लिहिते. तोवर एक काम करा. ४० अँपिअरने चार्ज चालू असताना मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून ११ नंबरच्या दोन्ही बाजूंच्या बसबारवर मोजा. एक टोक सेलच्या खांबावर, दुसरं बसबारवर. बाकी सेलांचंही घ्या. मला तिथे शंका आहे.

---

वेगवान

अबोलीताई, मान्य, पण एक सुटतंय. कुठलाही बॅलन्सर लहान सेलला मोठं करत नाही हे पॅसिव्हबद्दल खरं आहे. अ‍ॅक्टिव्ह मोठ्या सेलांमधला चार्ज उचलून कमकुवत सेलला देतो, म्हणजे पॅक सरासरीवर चालतो, सर्वांत लहान सेलवर नाही. मी स्वतः लावलाय आणि माझा डेल्टा २०० मिलिव्होल्टवरून १५वर आला. धागाकर्त्याचा बॅलन्सर बनावट असेल, नाहीतर वायरींचा क्रम चुकला असेल.

---

सायकलस्वार

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे पण इथेच विचारते. माझ्या सायकलचा १३ सेलचा एनएमसी पॅक आहे. चार्जरचा दिवा हिरवा झाला की मी लगेच काढते, कारण जास्त वेळ ठेवू नये असं ऐकलंय. वर्षभरात अंतर बरंच कमी झालंय. मीही अ‍ॅक्टिव्ह बॅलन्सर घ्यावा का?

---

अबोली

सायकलस्वार, अजून घेऊ नका. तुमच्यासारख्या पॅकमधलं पॅसिव्ह बॅलन्सिंग बहुतेक वेळा सेल ४.१८ किंवा त्याच्या आसपास गेल्यावरच सुरू होतं. हिरवा दिवा लागताच काढलं तर त्या बिचाऱ्या रेझिस्टरांना काम करायला वेळच मिळत नाही. हिरव्यानंतर तीन-चार तास जोडून ठेवा, समोर असताना आणि मोकळ्या जागी. असं सात-आठ वेळा करून पाहा. फरक पडला तर सेल फक्त मागे पडले होते. त्याआधी सगळ्या सेलांचं व्होल्टेज मात्र मोजून घ्या. एखादा २च्या खाली गेलेला सापडला तर तो पॅक चार्जच करू नका.

वेगवान, तुमचं म्हणणं तत्त्व म्हणून बरोबर आहे. पण डेल्टा १५वर येणं आणि एएच वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी. लावण्याआधी आणि नंतर तुम्ही एएच मोजले होते का?

---

वेगवान

एएच नाही मोजले. पण डेल्टा कमी झाला म्हणजे सेल समान झाले, हे उघड आहे.

---

अबोली

एनएमसीमध्ये ते बऱ्यापैकी खरं ठरलं असतं, कारण तिथे चार्जबरोबर व्होल्टेज चढत जातं. एलएफपीमध्ये नाही. ३० ते ९० टक्क्यांच्या मधल्या पट्ट्यात विश्रांतीचं व्होल्टेज ३.२८ ते ३.३३च्या दरम्यानच रेंगाळतं. त्या सपाटीवर ४० टक्के भरलेला आणि ६० टक्के भरलेला सेल यांच्यात काही मिलिव्होल्टचाच फरक दिसतो. म्हणून मधल्या भागातला छोटा डेल्टा पाहून काहीच कळत नाही. सेलांची खरी जागा कळते ती अगदी वर किंवा अगदी खाली.

---

पाणवठा

ताई, मोजलं. बाकी सगळ्या जोडांवर ५-६ मिलिव्होल्ट. ११ नंबरच्या एका जोडावर ४६! नट हाताला घट्ट लागत होता, पण खोलून पाहिलं तर बसबारखाली राखाडी थर बसलेला होता. चार्ज चालू असताना तो जोड बाजूच्यांपेक्षा कोमटही लागत होता.

---

अबोली

मग बॅलन्सरचं कोडं बहुतेक सुटलं.

४० अँपिअरवर ४० मिलिव्होल्ट जास्त, म्हणजे १ मिलिओहमचा जास्तीचा अडथळा आणि त्या जोडावर १.६ वॅट उष्णता. बीएमएसची आणि बॅलन्सरची वायर बसबारच्या पलीकडच्या टोकाला असल्यामुळे हे ४० मिलिव्होल्ट ११ नंबरच्या खात्यात जमा होतात. चार्ज करताना तो सेल आहे त्यापेक्षा जास्त भरलेला दिसतो. बॅलन्सरला वाटतं हा पुढे गेलाय, आणि तो त्याच्यातूनच चार्ज उपसतो. मुळात जो मागे होता त्याच्यातून!

आता हे पाहा. तुमच्या बॅलन्सरवरचे ५ अँपिअर १ व्होल्ट फरकाला असतात. फरक कमी तसा करंट कमी. ४० मिलिव्होल्टला साधारण ०.२ अँपिअर. रोज दोन तास चार्ज, म्हणजे ०.४ एएच बाहेर. तीन आठवड्यांत ८ एएच. तुमचे ७८चे ७१ झाले. हिशोब ढोबळ आहे, वरच्या टोकाला थोडं परतही येत असेल, पण आकडा जवळ बसतो.

---

वेगवान

थांबा. रात्री भार असताना तोच जोड उलटं दाखवणार ना? ११ नंबर खाली दिसेल आणि बॅलन्सर त्याला चार्ज देईल. जितके एएच आत तितके बाहेर, म्हणजे हिशोब शून्यावर यायला हवा.

---

अबोली

छान पकडलंत. बॅलन्सर प्रत्येक मिलिव्होल्टला प्रामाणिकपणे प्रतिसाद देत असता तर शून्यच आलं असतं. पण ८ अँपिअरवर त्या जोडाचा फरक फक्त ८ मिलिव्होल्ट, आणि असे बरेच बॅलन्सर ठरावीक फरकाच्या खाली काम सुरूच करत नाहीत. दिवसा उपसलं, रात्री झोपला. पाणवठा यांच्या नगाची मर्यादा किती आहे ते कागदावर पाहावं लागेल.

---

पाणवठा

कागदावर ३० मिलिव्होल्ट लिहिलंय.

---

अबोली

मग तो काढून ठेवा. ठेवायचाच असेल तर सेल ३.४५च्या वर आणि चार्ज चालू असतानाच सुरू होईल असा स्विच हवा.

आता मुख्य काम, क्रमाने करा.

जोड पॉलिश कागदाने चकचकीत होईपर्यंत घासा, पुसा, सेल बनवणाऱ्याने दिलेल्या ताकदीनेच आवळा आणि पुन्हा मिलिव्होल्ट मोजा. ६वर आलं पाहिजे.

मग पॅक नेहमीसारखा पूर्ण चार्ज करा, म्हणजे ४ नंबर वर जाऊन थांबेल. भार आणि चार्जर दोन्ही तोडा. बेंच पॉवर सप्लाय आधी मोकळा ठेवून मल्टिमीटरने ३.६० व्होल्टवर लावा, करंट ५ अँपिअरवर बांधा, आणि नंतरच त्याच्या वायरी फक्त ११ नंबरच्या खांबांवर जोडा. धन-ऋण दोनदा तपासा. सप्लायचं आउटपुट जमिनीला जोडलेलं नसावं. आत किती एएच गेले ते मोजत राहा. करंट अर्ध्या अँपिअरच्या खाली आला की थांबवा.

एक गोष्ट विसरू नका. तुम्ही बाहेरून एकाच सेलला चार्ज देता तेव्हा बीएमएस तुम्हाला वाचवू शकत नाही. त्याचा स्विच पॅकच्या टोकाला असतो, तुमच्या वायरींच्या वाटेत नाही. तो फार तर आरडाओरडा करेल. म्हणून सप्लाय लावून उठून जायचं नाही.

आत जे एएच जातील तो आकडा इथे सांगा. मागच्या मोजणीत ११ नंबर आजच्याएवढाच भरलेला होता आणि ७१ देऊन पूर्ण रिकामा झाला. म्हणजे ७१ अधिक आज आत गेलेले, हीच त्या सेलची खरी धारणा. पुढची मोजणी न करताच ती कळेल.

---

साधासरळ

एक शंका. पॅसिव्हवरच सोडून दिलं तर ते हळूहळू होणार नाही का? घाई काय आहे?

---

अबोली

होईल, पण किती दिवसांत ते पाहा. पॅसिव्ह कुणाला काही देत नाही, फक्त पुढे गेलेल्यांचं जाळतं. ११ नंबर १५ एएच मागे असेल तर बाकी पंधरा सेलांमधले साधारण तेवढे १०० मिलिअँपिअरने जाळायचे, म्हणजे १५० तास. आणि ते फक्त वरच्या टोकाला चालतं, रोज फार तर अर्धा तास. जवळपास ३०० दिवस झाले.

याचा अर्थ पॅसिव्ह कुचकामी, असा कृपया काढू नका. सेलांची आपोआप गळती थोडी कमी-जास्त असते. समजा एखादा सेल महिन्याला १ एएच जास्त गळतो. तो फरक मिटवायला पॅसिव्हला महिन्यात १० तास लागतात, रोजची वीस मिनिटं. तेवढं ते आरामात करतं, आणि त्यात प्रति सेल तिसरा हिस्सा वॅट एवढीच उष्णता होते. विजेवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांमध्ये पॅसिव्हच असतं ते याचमुळे. तिथे सेल मुळात जुळवून घेतलेले असतात, काम उरतं ते फक्त गळतीचा फरक झाडून काढण्याचं. साचलेला मोठा फरक उपसणं हे त्याचं काम नव्हे.

---

पाणवठा

काल केलं. जोडावर आता ६ मिलिव्होल्ट. ११ नंबरमध्ये १७ एएच गेले. पाच तास लागले, कारण वायरीतल्या घटीमुळे शेवटी करंट उतरत गेला. मी पूर्ण वेळ समोर होतो.

म्हणजे ७१ + १७ = ८८. आज मोजणी लावलीय.

---

पाणवठा

८७.५ एएच मिळाले! तुमचा हिशोब अर्ध्या एएचच्या आत बसला. पुन्हा ११ नंबरनेच तोडलं, पण या वेळी वर चार्ज होताना सगळे सेल बरोबरीने चढले होते, ४ नंबर थोडासाच पुढे.

म्हणजे आता उरलेलं अपंगत्व त्या सेलचंच, असंच ना? बाकीचे किती असतील?

---

अबोली

हो. वर सगळे एकत्र आणि खाली एकटा तो, हे लहान झालेल्या सेलचं लक्षण. ८८ ही आता तुमच्या पॅकची भिंत आहे आणि पॅसिव्ह तिच्यापुढे नेऊ शकत नाही.

बाकीच्यांचं नक्की सांगता येणार नाही. पण तोडलं तेव्हा खालून दुसरा कोण होता आणि किती व्होल्टवर होता?

---

पाणवठा

१४ नंबर, ३.१२वर. बाकी ३.१५च्या वर.

---

अबोली

मग १४ नंबर अंदाजे ९५ धरू आणि पंधरांची सरासरी ९७. आता वेगवान यांचा मुद्दा न्यायाने तपासू या. अगदी आदर्श अ‍ॅक्टिव्ह असला तर सगळा साठा वाटून घेता येईल. पंधरा गुणिले ९७ अधिक ८८, भागिले १६, म्हणजे ९६.४. ८८च्या वर ८.४ एएच जास्त. हा फायदा खरा आहे.

पण हे ८.४ एएच ११ नंबरला डिस्चार्ज चालू असतानाच पोचवावे लागतात. वर एकदा समान केलं आणि झोपलं, असं चालत नाही. तुमच्या रात्रीच्या ८ अँपिअरला पॅक बारा तास चालेल, म्हणजे सतत ०.७ अँपिअर हवा. ५० अँपिअरचा भार असता तर दोन तासांत तेच काम, म्हणजे सव्वाचार अँपिअरच्या वर. तुमचा कपॅसिटरवाला सपाटीवर काही मिलिव्होल्टच्या फरकाला जवळजवळ काहीच देत नाही. ११ नंबर खाली कोसळायला लागतो तेव्हा तो जागा होतो, आणि तेव्हा हातात मिनिटं उरलेली असतात.

---

वेगवान

हे पटलं. माझ्या मनात फक्त डेल्टा होता, वेळेचा हिशोब मी केलाच नव्हता. पण व्होल्टेज न बघता, कुठल्या सेलमध्ये किती एएच आहेत ते मोजून चार्ज हलवणारे इंडक्टरवाले बॅलन्सर असतील तर? १-२ अँपिअर ठरवून देणारे. ८ अँपिअरच्या भाराला ते पुरतील.

---

अबोली

पुरतील. मात्र त्यांना प्रत्येक सेलची धारणा आधी माहीत असावी लागते आणि ती वर्षागणिक बदलते. घरगुती पॅकमध्ये असं नीट चाललेलं मी अजून पाहिलेलं नाही, म्हणून मी ठाम बोलणार नाही.

---

सायकलस्वार

११ नंबरला एखादा १० एएचचा छोटा सेल समांतर जोडला तर? धारणा ९८ होईल ना?

---

वेगवान

हो, हे तर सगळ्यात सोपं! एकाच रसायनाचा हवा, आणि जोडण्याआधी दोघांचं व्होल्टेज सारखं हवं.

---

अबोली

बेरीज बरोबर आहे. तरी मी करणार नाही. जोडायच्या क्षणी एक भरलेला आणि एक अर्धा असेल तर सपाटीमुळे व्होल्टेज सारखंच दिसेल, आणि वर गेल्यावर एक दुसऱ्यात करंट ओतू लागेल. दोघे पूर्ण भरूनच जोडावे लागतील. मधे फ्यूज हवा. आणि ११ नंबर कशामुळे खचलाय हे आपल्याला ठाऊक नाही. आत बारीक शॉर्ट तयार होत असेल तर त्याला आणखी साठा जोडून देणं मला धोक्याचं वाटतं.

---

वेगवान

शॉर्ट असता तर तो पुन्हा मागे पडायला लागेल. महिनाभर पाहिलं की कळेल. त्यानंतर जोडायला मला हरकत दिसत नाही.

---

अबोली

महिनाभर पाहायचं याला माझी पूर्ण संमती आहे. जोडण्याबद्दल आपलं एकमत नाही, ते तसंच राहू दे. मी असते तर सेल बदलला असता. मग भिंत १४ नंबरची, ९५ एएच.

---

पाणवठा

महिना झाला. अ‍ॅक्टिव्ह काढलेला, फक्त पॅसिव्ह चालू. चार्ज संपतानाचं आजचं:

```
C04   3.561
C11   3.538
delta 0.023
```

मोजणी ८७ एएच. ११ नंबर मागे पडलेला नाही. सेल बदलायचं अजून ठरवलं नाही, ८७मध्ये रात्र निघते. तोवर त्या सेलला जपायचंय. खालची कट-ऑफ २.५वरून २.८वर नेली तर किती एएच जातील?

---

अबोली

फारच थोडे. तुम्हीच लिहिलं होतं की ३.०वरून २.५ला तो दोन-तीन मिनिटांत येतो. २० अँपिअरला तीन मिनिटं म्हणजे १ एएच. २.८वर न्या, आणि जमलं तर २.९. दर रात्री तळ गाठणारा तो एकटाच आहे, बाकी पंधरा कधी १० टक्क्यांच्या फार खाली जात नाहीत.

---

पाणवठा

२.९ लावलं. ११ नंबरच्या जोडाचे मिलिव्होल्ट दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजून इथेच लिहीत जाईन.